दुसरी दुलई

एकाच पत्त्यावर, एकाच दिवशी, एकसारख्या दोन दुलया. रंग जांभळा, काठ करडा. यादीत अशी जोडी दिसली की पाठवणीआधी गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं, ही आमच्या कारखान्याची रीत. गाडी तीनला सुटते. माल एकदा चढला की रद्द करणं म्हणजे जाऊन परत येणं.

अडीचला मी फोन लावला. आवाज म्हातारा, पण ताठ.

"काकू, तुमच्या नावावर दोन दुलया आहेत. एक चुकून झाली का? रद्द करू?"

"मी एकच मागवली गं. बटण दोनदा दाबलं का मी?"

"तसं होतं कधी कधी."

"माझ्याकडून नको व्हायला. चहा दोन कप करते, ताटं दोन वाढते. लेक म्हणाली, आई, आता एकटीने राहणं पुरे. रविवारी येतेय, माझं सामान बांधायला. तिला दुसरी दुलई दिसली, की झालंच."

मी नीट पाहिलं. पहिली ऑर्डर संगणकावरून. दुसरी पंधरा मिनिटांनी, फोनवरून, त्यांच्याच घरच्या नंबरावरून. घेणारी शेजारच्या टेबलावरची, जिला आम्ही सगळ्या जाडी म्हणतो ती.

"जाडे, ही कोणी दिली?"

"पुरुष होता बाई. गोड बोलत होता. म्हणाला, हिला पायाशी गार लागतं, ही झोपेत सगळी ओढून घेते, म्हणून मला वेगळी हवी." ती खिदळली. "नवरे असेच!"

मी हसले नाही. फोन कानाशीच होता, काकूंनी सगळं ऐकलं होतं.

"घरात कोण पुरुष आहे, काकू?"

"गेल्या थंडीत गेले ते," त्या म्हणाल्या. हळूच, जणू कोणी जागं होईल.

तीन वाजायला वीस मिनिटं. गाठोडी बांधणाऱ्या बाया दोन्ही दुलया सुतळीत आवळत होत्या.

"खातं तुमचं आहे काकू, तुम्ही म्हणाल तसं. रद्द करू?"

"लेकीला काय सांगू?"

"बिलावर असतं ते. दुसरी ऑर्डर फोनवरून, पुरुषाकडून. तुमचं बटण नाही."

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तारेतून येत होती.

"थांब," त्या म्हणाल्या. "ज्याने मागवली त्याला विचारून येते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपला फरशीवरून दूर गेल्या. सट्, सट्, सट्.

मग शांतता. कुठेतरी एक दार.

मग चपला परत आल्या. जाताना एकीच्या गेल्या होत्या. येताना दोघांच्या.

"राहू दे म्हणतात," काकू म्हणाल्या. आवाजात लाज होती, नव्या नवरीची. "आणि बिलावर तेवढं ठळक लिही गं पोरी. लेकीला वाचता येईल असं."