हात सोडायची घाई नाही

जावाजावा, उभा दावा, असं म्हणतात. या दोघींचा दावा मात्र उभा नव्हता, बसका होता. एका ऑफिसात, समोरासमोरच्या दोन टेबलांवर. रेडिओ केंद्राच्या जाहिरात विभागात थोरली जाऊ कित्येक वर्षं मजकूर लिहीत होती. धाकटीला तिनंच साहेबांकडे शब्द टाकून आणलं होतं. घरात बसून कंटाळते बिचारी, चार ओळी लिहील, असं सांगून. चार ओळी लिहील म्हणून आणलेली पोर आता पाचवी ओळही लिहायला लागली होती, आणि ती लोकांना आवडायला लागली होती. पोटात दुखायला आणखी काय लागतं?

त्यातून शाळेचं काम आलं. दर वर्षी प्रवेशाच्या आधी शाळा एक दिवस पालकांसाठी उघडी ठेवायची आणि त्याची तीस सेकंदांची जाहिरात थोरलीच लिहायची. ‘संस्कारांची शिदोरी, यशाची तिजोरी’ ही ओळ तिचीच. शाळेच्या बसवरसुद्धा ती रंगवलेली होती. बस दिसली की थोरली मान वळवून वाचायची. स्वतःचंच लिहिलेलं, तरी दर वेळी वाचायची.

यंदा शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी फोनवर साहेबांना सांगितलं की आईबाप घाबरलेले असतात, मूल रडेल का, त्याला कुणी मारेल का, शू आली तर ते कुणाला सांगेल. त्यांच्याशी बोलणारं काहीतरी हवं, आणि नव्या माणसाकडून हवं. साहेबांनी कागद धाकटीच्या टेबलावर ठेवला. थोरलीनं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

दुपारपर्यंत धाकटीनं मजकूर आणून दाखवला. “ताई, जरा नजर टाका ना.”

थोरलीनं वाचला. सुरुवात अशी होती: ‘शाळेच्या दारात हात आधी कोण सोडतं? मूल, की आपण?’

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. तिचा स्वतःचा मुलगा शाळेत गेला त्या दिवशी तो मागे वळूनही न बघता आत पळाला होता आणि ही फाटकाचा गज धरून उभी राहिली होती. इतकी वर्षं शाळेच्या जाहिराती लिहिल्या, पण तो गज एकाही कागदावर उतरला नव्हता. आणि ही कालची पोर. हिचं लेकरू तर अजून रांगतंय.

पुढं मजकुरात वर्ग बघा, बाईंशी बोला, मग मैदान, संगणक, बस, संगीत, तारीख, वेळ, फोन नंबर दोनदा, आणि शेवटी थोरलीची शिदोरी-तिजोरी. बसवर रंगवलेली होती म्हणून.

“वेळ लावून बघितलास?” थोरलीनं विचारलं.

“बघितला. बरोब्बर तीस.”

धाकटीनं तो टेबलाशी बसून, ओठांतल्या ओठांत वाचून मोजला होता, हे थोरलीला न सांगता कळलं. पुटपुटलेलं नेहमी लवकर संपतं. माइकसमोर माणूस श्वास घेतो, शब्द नीट उच्चारतो. शिवाय घाबरलेल्या माणसाशी बोलायचं तर सावकाशच बोलावं लागतं. हा मजकूर तीस सेकंदांत मावणार नाही, हे तिला हातावरच्या रेषेइतकं स्पष्ट दिसत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“छान आहे,” ती म्हणाली आणि कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः रेकॉर्डिंगला आल्या. काचेपलीकडे निवेदक बसला. त्याचा आवाज असा, की तापात असलेलं मूलही ऐकत झोपी जावं. त्यानं सावकाश वाचलं. रेकॉर्डिंगवाल्यानं घड्याळाकडे बघून मान हलवली. एकोणचाळीस.

“तिसाव्या सेकंदाला तोडलं जातं, बाई,” त्यानं मुख्याध्यापिकांना समजावलं. “नंबर अर्धाच जाईल आणि पुढची साबणाची जाहिरात सुरू होईल.”

मग निवेदकाला भरभर वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. ऐकून मुख्याध्यापिका हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. शाळेला आग लागलीय आणि हा माणूस पोरं बाहेर काढतोय असं वाटतं, म्हणाल्या.

धाकटीचा चेहरा उतरला होता. ती कागदावर बोट फिरवत ओळी मोजत होती, पण दिसत तिला काहीच नव्हतं. थोरलीला वाटलं होतं, या घटकेला आपल्याला बरं वाटेल. वाटलंही, गरम चहाच्या पहिल्या घोटाइतकं.

“तुम्ही अनुभवी आहात,” मुख्याध्यापिका तिच्याकडे वळल्या. “काय काढायचं?”

थोरलीनं पेन्सिल घेतली. मैदान, संगणक, बस, संगीत गेलं. ते शाळेत आल्यावर दिसेलच. नंबर दुसऱ्यांदा नको. तरी चार सेकंद जास्तच होते. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, तिची शेवटची ओळ नाहीतर धाकटीची पहिली.

तिनं पहिली खोडली. कुणाला काही वाटलं नाही. अनुभवी हातानं खोडलेलं माणसं निमूट मान्य करतात. धाकटीनंही मान डोलावली, आणि ते थोरलीला जास्तच लागलं.

निवेदकानं वाचलं. एकोणतीस सेकंद, अगदी मापात. ‘येत्या शनिवारी शाळेत या, वर्ग बघा, बाईंशी बोला,’ आणि शेवटी शिदोरी, तिजोरी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “ठीक आहे.”

ठीक आहे. ते दोन शब्द थोरलीला चांगलेच ओळखीचे होते. तिच्या प्रत्येक जाहिरातीला शाळेनं हेच म्हटलं होतं. आज पहिल्यांदा तिनं ते ऐकले. तिजोरी उघडझाप करत होती आणि फाटकाचा गज धरून उभी असलेली बाई तिथंच उभी होती. तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

तिनं कागद परत ओढला. स्वतःची ओळ खोडली, इतक्या जोरात की पेन्सिलीचं टोक मोडलं. धाकटीची ओळ वर पुन्हा लिहिली. प्रश्नानंतर निवेदकाला दोन सेकंद थांबायला सांगितलं. रेकॉर्डिंगवाला कुरकुरला, रिकाम्या आवाजाचे पैसे कोण देतं म्हणून. ‘तू थांब,’ थोरली त्याला म्हणाली. मग शेवटाला काय, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं, तेव्हा धाकटी हळूच म्हणाली, “हात सोडायची घाई नाही. एवढंच म्हणू या?” मधल्या ओळीही तिनं तिथंच बदलल्या, मुख्याध्यापिकांनी सांगितलेली शूची काळजी त्यात घातली.

निवेदकानं वाचलं.

‘शाळेच्या दारात हात आधी कोण सोडतं? मूल, की आपण?’ मग ते दोन सेकंद. ‘येत्या शनिवारी, नऊ ते एक, मुलाला घेऊन या. वर्गात बसा, बाईंशी बोला, स्वच्छतागृहसुद्धा बघा. विचारायचं ते सगळं विचारा.’ शाळेचं नाव, फोन नंबर. ‘हात सोडायची घाई नाही.’

बरोब्बर तीस. या वेळी मुख्याध्यापिकांनी ठीक आहे म्हटलं नाही. त्यांनी रुमाल शोधला. “कुणी लिहिलंय हे?”

धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली म्हणाली, “आम्ही दोघींनी.”

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. “हो,” ती म्हणाली. “दोघींनी.”

धाकटी भांडली असती तर बरं झालं असतं. थोरलीजवळ उत्तरं तयार होती.

जाहिरात लागली तेव्हा दोघी घरी होत्या. सासूबाईंनी आवाज वाढवून ऐकली, डोळे टिपले आणि थोरलीला विचारलं, “यातलं तुझं कोणतं गं?”

थोरली काय सांगणार? खोडलेलं दाखवता येत नाही.

“मधे तो माणूस थांबतो ना, आई,” धाकटी लेकराला भरवता भरवता म्हणाली, “ते ताईंचं. रडू तिथंच येतं.”

सासूबाईंना ते पटलं. थोरलीलाही पटलं, कारण खरंच होतं. पण हक्काचं मापसुद्धा हिच्याच हातून पदरात पडावं, याचा तिला असा काही संताप आला, की ती उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.