नापास करणारी परीक्षा

बीसीए होऊन चौदा महिने झाले होते आणि मी हुपरीत घरीच होते. "सध्या काय करतेस?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाचा मला राग यायचा.

पैंजणं घडवून घडवून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बेचाळीस हजार साठवले होते. माझ्यासाठी तेवढेच. पुन्हा मागायला तोंड नव्हतं. राजारामपुरीतला सहा महिन्यांचा कोडिंग बूटकॅम्प चाळीस हजारांना होता. माझी मैत्रीण अनुजा पुण्यात नोकरीला आहे. ती म्हणाली, "त्यापेक्षा क्लाउड सेवा देणाऱ्या कंपनीचीच सर्टिफिकेटची परीक्षा दे. फी पंधरा हजारांच्या आसपास, अभ्यास फुकटच्या व्हिडिओंवर. सोबत एखादा छोटा प्रोजेक्ट कर, नुसत्या कागदानं नोकरी मिळत नाही." पण मी पडले आळशी. मला शिकवणारं माणूस समोर हवं होतं. शिवाय बूटकॅम्पच्या जाहिरातीतली मुलं किती हसत होती!

मी अप्पांना घेऊन बूटकॅम्पच्या ऑफिसात गेले. मॅडम गोड बोलल्या. नोकरीसाठी मदत करू, हमी नाही, हेही त्यांनी हळूच सांगितलं. अप्पांनी खिशातलं पाकीट चाचपत विचारलं, "परीक्षा कोण घेतंय?"

"आम्हीच, काका."

"नापास किती हुत्यात?"

"एकही नाही! शंभर टक्के निकाल."

अप्पा उठलेच. मी शरमेनं मेले.

बसमध्ये म्हणाले, "आपण घडवतो, पण चांदी किती खरी ते आपण ठरवत न्हाय. व्यापारी तिसऱ्याकडनं टंच काढतो. घडवणाराच शिक्का मारतोय, आणि एक बी माल माघारी येत न्हाय? असलं न्हाय बघितलं कवा."

तीन महिने मी चिडून अनुजानं सांगितलेल्या परीक्षेचा अभ्यास केला. चिडल्यावर माझा अभ्यास बरा होतो. कोल्हापुरातल्या केंद्रावर परीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी मेल आला: हजारपैकी सहाशे अठ्ठ्याऐंशी. पास व्हायला सातशे वीस लागतात.

मी पडवीत जाऊन रडले. अप्पा काम करत होते. आकडे ऐकून म्हणाले, "म्हंजे हितं नापास करत्यात. मग खरं हाय."

"अप्पा, पंधरा हजार गेले!"

"कुठं कमी पडलं ते सांगितलंय का?"

सांगितलं होतं. सुरक्षेचा भाग कच्चा. चौदा दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण भरायची.

"टंच उतरला न्हाय तर आम्ही चांदी फेकून देत न्हाय, आटवून परत घडवतो. दुसरी फी बाजूला ठेवलीया."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासनं."

मला एकदम लागलं. "म्हणजे माझ्यावर विश्वासच नव्हता तुमचा?"

अप्पांनी हातातलं पैंजण खाली ठेवलं. "व्हता की! तू एकदा पडून थांबणार न्हाईस, ह्यो विश्वास व्हता. म्हणून तर ठेवली."

मी डोळे पुसले आणि सुरक्षेचा पहिला धडा उघडला.