वेबरांशी नातं

घरातली मुलगी परक्यांच्या दारात पाठवायची नाही, हे पुखराज दादाजींचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. जर्मनीहून वेबर कुटुंबाचा होकार आला तेव्हा त्यांनी तत्त्व मोडलं नाही. वेबरांनाच आपलं करून घेतलं.

त्यांची नात जिनल एम.कॉम. झालेली, घरच्या डाळमिलच्या ऑफिसात बसायची. सव्वीस पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. तिला एक वर्ष जळगावबाहेर हवं होतं. पिंप्राळ्यात हितेंद्र सरांचा क्लास लावून ती जर्मनची ए-वन परीक्षा पास झाली होती. वेबरांची दोन मुलं सांभाळायची. त्यांच्याच घरी खोली, जेवण, विमा, महिन्याला दोनशे ऐंशी युरो हातखर्च आणि भाषेच्या क्लासला सत्तर. या कामाला तिकडे ओ-पेअर म्हणतात.

"काम किती?"

"आठवड्याला तीस तास, दादाजी. त्यावर एक तास नाही."

"एवढा वेळ तर आपला मुनीम चहाच पितो. मग उरलेल्या वेळात दुसरी नोकरी धर."

"चालत नाही. वर्षाच्या वर राहताही येत नाही. आणि सत्तावीस व्हायच्या आत अर्ज करावा लागतो."

"मग ही नोकरी आहे की पाहुणचार?"

"घरातल्या माणसासारखं राहायचं."

एवढं दादाजींना पुरलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी वेबरांना गाव विचारलं, आजोळ विचारलं. वेबरांच्या मामाची तेलाची घाणी होती असं निघालं. "मिलवाले म्हणजे आपलेच," दादाजी म्हणाले. जतनबाई दादीने फोनला टिळा लावला. वेबरांनी "डांके" म्हणत आभार मानले. जिनलला वाटलं, विषय मिटला.

व्हिसाचा अर्ज द्यायला मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी दादाजी कोर्टात जाऊन आले आणि त्यांनी जिनलची फाइल जरा भक्कम करून ठेवली. मुंबईच्या व्हिसा ऑफिसात खिडकीपलीकडच्या बाईने ती चाळताना एका कागदावर बोट ठेवलं तेव्हा जिनलने तो पहिल्यांदा पाहिला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीच्या शिक्क्यासह, इंग्रजीत : वेबर कुटुंब आमचे नातेवाईक असून मुलगी स्वतःच्याच घरी जात आहे.

"नातेवाईक आहेत?"

"नाहीत, मॅडम."

"हे खोटं आहे?"

जिनलने खालच्या दादाजींच्या सहीकडे पाहिलं. "प्रेमाने लिहिलंय," ती म्हणाली.

सहा आठवड्यांनी व्हिसाला नकार आला. ओ-पेअर आणि यजमान कुटुंब यांच्यात नातं असता कामा नये, असा नियम होता.

"नातं नको त्यांना?" दादाजींनी विचारलं. "कसले लोक आहेत. हितेंद्र सर काय म्हणतात?"

"नवा अर्ज करा म्हणतात. वेबर अजून थांबलेत."

"मग नातं तुटल्याचं अ‍ॅफिडेव्हिट करू."

"दादाजी, तुम्ही काहीच करू नका."

त्यांनी खरोखर काही केलं नाही. जिनलने एकटीने सगळे कागद पुन्हा जमवले, वेबरांकडून नवा करार मागवला आणि रोज सकाळी अपॉइंटमेंटची वेबसाइट उघडून बसली. अखेर अर्ज द्यायला चौदा तारीख मिळाली.

त्याच महिन्याच्या बारा तारखेला ती सत्तावीस वर्षांची झाली.