पुडीतली गोळी

“कुठलंच औषध चालू न्हाई,” असं मनकर्णाबाईंनी नगरच्या माझ्या दवाखान्यात ठासून सांगितलं होतं. त्यांच्या बावीस वर्षांच्या लेकीचं, अश्विनीचं, प्लाझ्मा मेटानेफ्रिन, म्हणजे रक्तदाब चढवणाऱ्या एका गाठीची रक्तातली खूण, वाढलेलं आलं, आणि आता त्या पिशवीतून पुडी काढत होत्या.

“झोपेची पुडी हाय. औषध कुठं?”

माझं डोकंच फिरलं. गावच्या डॉक्टरला फोन केला. पुडीतली गोळी अमिट्रिप्टिलीन होती, नैराश्यावरची, झोपेसाठीही देतात ती. तिनंही आकडा वाढतो. गोळी बंद करून दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा पाठवलं. आकडा नॉर्मलच्या तिपटीच्या वरच राहिला.

“म्हणजे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीची गाठच असणार,” मी म्हणालो. “छोट्याशा ऑपरेशनमध्येही ती रक्तदाब एकदम चढवून जीव घेऊ शकते. एवढ्या कमी वयात ती घराण्यातूनही येते. जनुकांची तपासणी करावी लागेल. घरात कुणी अचानक गेलंय?”

“हिचा बाप. दात काढताना.”

मी पुढं काही बोलायच्या आत मनकर्णाबाईंनी अश्विनीच्या मांडीवरच्या तान्ह्या नातीला पदराखाली घेतलं.