दुसऱ्या भागातली फुली

भाग अ. बरोबर उत्तरावर फुली मारा.

इथं कुणाचं काही अडलं नाही. डोंगरातल्या आठही शाळांत मुलं पहिलीपासून हेच करत आली आहेत. तीन पर्याय असतात, पटेल त्यावर फुली मारायची. पेन्सिल हातात आली की फुली आपोआप उमटते.

भाग आ.

नाही, आधी मार्सेलिनाबद्दल सांगायला हवं.

मार्सेलिना वेआ दुसरीची शिक्षिका, सगळ्यांची इबू म्हणजे बाई, आणि या वेळी वार्षिक परीक्षेचा पेपर काढायची पाळी तिची होती. एक पेपर, आठ शाळा. तिनं नीट संविधान तक्ता, म्हणजे पेपरचा आराखडा, आखला होता. कोणत्या धड्याला किती गुण, सोपं किती, अवघड किती, सगळं चौकटीत. सुरुवातीला सोपे प्रश्न, म्हणजे मूल पहिल्याच ओळीला दचकू नये. जोड्या लावताना उजवीकडे दोन नावं जास्तीची, म्हणजे शेवटची जोडी उरली म्हणून लागली असं होऊ नये. "नाही" असलेलं वाक्य एकही नाही. सूचना एका ओळीची, तीही मुलांच्या तोंडातल्या शब्दांत.

आणि हे सगळं करताना डोळ्यांसमोर ओसिन.

ओसिन दुसरीत दुसऱ्यांदा बसली होती. बाप कडक नव्हता, गरीबही फार नव्हता, फक्त दमलेला होता. "या वेळी नापास झाली तर मावशीकडे शहरात, माउमेरेला," त्यानं शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. "तिकडं बाळ सांभाळील. इथं नुसता बाक झिजवतेय."

ओसिन वाचते हळू, शब्दाखाली बोट ठेवून. लिहिताना अक्षरं उलटी होतात तिची. चूक की बरोबर या प्रश्नाला इथं सगळीकडे B नाहीतर S, म्हणजे इथल्या भाषेतल्या 'बरोबर' आणि 'चूक'चं पहिलं अक्षर, लिहायला लावतात, आणि ओसिनचा S नेहमी तोंड फिरवून बसतो. म्हणून मार्सेलिनानं या वेळी अक्षरंच काढून टाकली.

भाग आ. वाक्य बरोबर असेल तर ✓ करा. चूक असेल तर ✗ करा.

खाली एक सोडवलेलं उदाहरणही होतं. पण केंद्रप्रमुख पाक दामियानुस, म्हणजे दामियानुस सर, म्हणाले, "इबू, पाठपोट एकाच कागदात बसवा. झेरॉक्सवाल्याला मी काय माझी म्हैस देऊ?" मग तिनं उदाहरण कापलं. दोन खुणा तर आहेत, त्यात काय समजावायचं?

परीक्षेला शिक्षकांच्या शाळा बदलतात. मार्सेलिनाची देखरेख दरीपलीकडच्या शाळेत होती. सूचना मोठ्यानं वाचून ती बाकांमधून फिरू लागली. कोंबडी अंडी घालते. एका मुलानं फुली मारली. अरे, ती थबकली. पुढच्या बाकावर फुली. त्याच्यापुढेही. सूर्य दिवसा दिसतो, फुली. मासा झाडावर राहतो, या वाक्यापुढे मात्र मोकळं, नाहीतर बारीकशी ✓.

पहिल्या भागात बरोबरला फुली. दुसऱ्या भागात चुकीला फुली. एकाच पानावर, दोन बोटांच्या अंतरावर. मुलांनी सूचना ऐकली होती, पण हातानं ऐकली नव्हती.

तिनं बाहेर येऊन केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"आता तोंड उघडायचं नाही," ते म्हणाले. "एका वर्गात सांगाल, दुसऱ्या सात वर्गांचं काय? पेपर तुम्ही काढलात, आम्ही मान्य केला. आता जे होईल ते होईल."

आत येऊन ती खिडकीशी उभी राहिली. मुलं शहाण्यासारखी, एकमेकांचं न बघता, चुकत होती.

तपासणी केंद्रशाळेत. टेबलावर गठ्ठे, कॉफी, तळलेली केळी. केळ्यांना कुणी हात लावला नव्हता.

"माझी पहिल्या नंबरची पोरगी," दुसऱ्या शाळेची इबू गेर्त्रुदिस पेपर आपटत म्हणाली, "दुसऱ्या भागात शून्य! कोंबडी अंडी घालते हे तिला माहीत नाही होय? घरात वीस कोंबड्या आहेत तिच्या!"

"कोंबडीला विचारायला हवं होतं," शेजारच्या गठ्ठ्यावरचे पाक हुबेर्तुस म्हणाले.

मार्सेलिनाच्या पुढ्यात तिच्या शाळेचा गठ्ठा आला. तिनं आधी ओसिनचा पेपर शोधला.

दहाच्या दहा बरोबर, वीसपैकी वीस गुण.

बोट ठेवून वाचणारीनं सूचनेखालीही बोट ठेवलं होतं. ✓ जिथं हवी तिथं. ✗ जिथं हवी तिथं. काही खुणा दोनदा खोडून केलेल्या. भराभर वाचणाऱ्यांनी सूचनेवरून नुसती नजर फिरवली, हिला तेवढं भराभर येतच नव्हतं. एकूण शंभरपैकी चौसष्ट. पास व्हायला साठ लागतात.

भाग आ रद्द केला तर ऐंशीपैकी चव्वेचाळीस. शेकडा पंचावन्न, म्हणजे नापास.

तिनं गणित पुन्हा केलं. पुन्हा केलं. गणित बदलेना.

"इबू मार्सेलिना," पाक दामियानुस चष्मा काढत म्हणाले, "पेपर तुमचा. तुम्हीच सांगा. सूचना स्पष्ट होती असं म्हणालात तर भाग राहील. आम्ही वाद घालणार नाही."

"ज्यांच्या खुणा सरळ उलट्या आहेत त्यांना उलटं धरून तपासू," ती घाईघाईनं म्हणाली. "बाकीच्यांना जवळ बसवून तीच वाक्यं तोंडी विचारू. जिनं बरोबर केलंय तिचं तसंच राहू द्या."

"आणि ज्याच्या अर्ध्या सुलट, अर्ध्या उलट, त्याचं मन तुम्ही वाचणार? उद्या सुट्टी लागतेय. मुलं मळ्यांत पांगली. एका पेपराला दोन उत्तरसूची नाही चालत, बाई. ठेवा, नाहीतर काढा."

सूचना स्पष्ट होती. शपथेवर सांगता आलं असतं. ओसिननं ती वाचली होती, म्हणजे वाचता येत होती. दोन शब्द बोलायचे आणि गप्प बसायचं.

तिनं समोरच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. आठही शाळांच्या फुल्या. प्रत्येक फुली म्हणजे कोंबडी खरंच अंडी घालते, इबू, मला माहीत आहे.

"दोष मुलांचा नाही," ती म्हणाली. "पानाचा आहे. माझा आहे. काढा."

गेर्त्रुदिसनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मार्सेलिनाला तो हात सहन होईना.

ओसिनच्या घरी जाताना तिनं पेपर बरोबर घेतला, का ते तिला ठाऊक नव्हतं. बाप अंगणात कॉफीच्या बिया पसरत होता. त्यानं तिचं तोंड पाहिलं. "बसा, इबू," एवढंच म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला.

ओसिननं पेपर घेतला. दुसऱ्या भागावर मार्सेलिनाच्याच हातची आडवी रेघ होती. तिच्या खालून ओसिननं बोट फिरवलं, ओळीमागून ओळ.

"मी खुणा चुकीच्या केल्या?"

"नाही गं. सगळ्या बरोबर."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मुलीचा चेहरा उजळला. "बापा! सगळ्या बरोबर!" ती आत ओरडली. मग पुन्हा रेघेकडे पाहून म्हणाली, "मग ही का मारली?"

मार्सेलिनानं तोंड उघडलं. दुसरीच्या मुलाला समजेल अशी, एका ओळीत बसणारी सूचना. सरळ. सोप्या शब्दांत. तिला हेच तर येत होतं.

बाप पाण्याचा पेला घेऊन दारात उभा होता. दोघंही तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.