काचेवरचा ओरखडा

मी काच पुसते, फोटो पुसत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या तोऱ्यात म्हटलं आहे, की माझ्या नवऱ्याने माझं नावच 'पुसणी' ठेवलं. आगगाडीत, बसमध्ये, विमानात, खिडकीशी बसले की आधी पिशवीतून मऊ फडकं निघतं आणि आदल्या प्रवाशाने डोकं टेकवून उमटवलेला तेलाचा चांद पुसला जातो. त्यानंतरच कॅमेरा बाहेर येतो. लोक बघतात. बघू देत.

गेली बावीस वर्षं मी खिडकीतून फोटो काढते आणि रविवारी दुपारी कॅमेरा क्लबात ते शिकवते. माझे नियम चार. लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या, पण विमानात टेकवू नका, नाहीतर थरथर फोटोत उतरते. लेन्सभोवती काळं कापड गुंडाळा, म्हणजे आतला उजेड काचेवर पडणार नाही आणि प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटेल. चकाकी कमी करणारा फिल्टर घरी ठेवा, विमानाच्या खिडकीतून तो इंद्रधनुष्याचे पट्टे काढतो. आणि चौथा नियम माझ्या सगळ्यात लाडाचा: लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा, फोकस लांबवर लावा. मग काचेवरचा ओरखडा असो की डाग, तो इतका धूसर होतो की असून नसल्यासारखा. काचेवरचं काहीही फोटोत रेखीव येत नाही. हे मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारते.

त्या रविवारी वर्गाला दाखवायला मला एक वाईट फोटो हवा होता. ओरखड्याचा. नवशिक्यांना दुसऱ्याची चूक दाखवली की ते खूश होतात. मला आठवलं, महिन्याभरापूर्वी ताईकडून परत येताना विमानातून तिच्या घरामागच्या डोंगराचे फोटो काढले होते आणि त्यात वरच्या बाजूला केसाएवढा ओरखडा आला होता. बाहेरच्या काचेवरचा असणार, तिथे आपलं फडकं कुठून पोचायचं? तो मी संगणकावर घालवून टाकला होता.

हो, घालवला होता. तोरा असतोच, पण ताईच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून द्यायचा होता फोटो. हातभर लांबीचा, चौकटीत बसवलेला, मधोमध तिचं घर. त्यात ओरखडा कसा ठेवणार? दोन मिनिटांचं काम. कुणाला सांगायची गरजही वाटली नाही.

जेवणं आटोपून मी मूळ फोटो उघडला आणि वरचा भाग मोठा केला.

ओरखडा रेखीव होता.

आधी मला कळलंच नाही मी काय बघते आहे. हात मात्र थांबला. रेघेची एक कड उजळ होती, दुसरीला सावली होती. एका ठिकाणी ती झुडपामागे जाऊन पलीकडून बाहेर आली होती. काचेवरचा ओरखडा झुडपामागे जातो का? फळ्यावरच्या दोन रेघा माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

त्या वेळी मी लागोपाठ सात फोटो काढले होते. सातही ओळीने मांडले. खाली उजवीकडे एक पुसटसा डाग होता, तो खरंच काचेवरचा. सातही फोटोंत तो चौकटीच्या त्याच कोपऱ्यात बसून होता. रेघ मात्र सरकत होती. डोंगर सरकला की त्याच्याबरोबर ती सरकत होती, एका कातळापासून तेवढ्याच अंतरावर. ती काचेवर नव्हतीच. ती जमिनीवर होती. ताईच्या घराच्या वर, कोयत्यासारखी वाकलेली, अख्ख्या उताराला कवेत घेणारी भेग.

"अहो," मी हाक मारली. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. नवरा हातात पेपर घेऊन आला, फोटो बघितला आणि म्हणाला, "हा तर तू पुसलास ना?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी थांबले नाही. फोन लावला.

"चिमे, अगं आत्ता? आमची जेवणं चाललीत," ताई म्हणाली.

"ताई, घराबाहेर पड. डोंगराला चीर गेलीये, तुमच्या डोक्यावर."

"काय बोलतेस? तब्येत बरी आहे ना?"

"तुमच्याकडे काही वेगळं झालंय का? जमीन, भिंत, काहीही?"

"काही नाही गं. मागचं दार तेवढं अडकतंय पंधरा दिवस. फुगलं असेल. आणि झऱ्याचं पाणी गढूळ येतंय, पण ते काय..." ती थांबली. मग फोन भाऊजींनी घेतला. भाऊजी म्हणजे शाळेतले निवृत्त मास्तर. पुराव्याशिवाय ते चहा गरम आहे हेही मानत नाहीत.

"हे बघ," ते शांतपणे म्हणाले, "तू दिलेला फोटो माझ्या समोर भिंतीवर आहे. मी भिंग घेऊन बघतोय. डोंगर अखंड आहे. साधा ओरखडा नाही कुठे."

माझाच फोटो माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

"भाऊजी, त्या फोटोवर जाऊ नका."

"का नको? वाडीतल्या अकराही घरांनी येऊन बघितलाय तो. मी सगळ्यांना सांगितलंय, आमची मेहुणी फोटोत कधी काही बदलत नाही. काच पुसते, फोटो पुसत नाही. तुझंच वाक्य ना?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले. लाजेने कान तापले, आणि त्याही क्षणी, खरं सांगते, मनात आलं की दुसरं काहीतरी कारण सांगावं. दुसरा फोटो सापडला म्हणावं. अशी मी.

"मी पुसली," मी म्हणाले. "भेग होती. मला वाटलं काचेवरचा ओरखडा आहे. मी ती पुसून टाकली आणि तुम्हाला फोटो दिला."

पलीकडे ताटावर चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"महिना झाला याला?" भाऊजींनी विचारलं.

"महिना झाला."

"मूळ फोटो पाठव. आत्ता. मी वर जाऊन बघतो."

मी सातही फोटो पाठवले. वर्गाला येत नाही म्हणून क्लबात कळवलं. मग दोघं फोनकडे बघत बसलो. नवऱ्याने चहा केला, तो निवून गेला. दीड तासाने भाऊजींचा फोन आला. धाप लागली होती. "माझा पाय जातो आत," एवढंच ते म्हणाले. "गुडघ्यापर्यंत जातो."

पुढचं सगळं त्यांनी केलं. अकरा घरं संध्याकाळच्या आत नदीपलीकडच्या शाळेत हलवली. म्हाताऱ्यांना उचलून नेलं, गुरं सोडली, एका घरातल्या आजोबांना तर फोटो दाखवून पटवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं येऊन वर खुणेच्या खुंट्या ठोकून गेली. आमची गाडी डोंगरातून वळणं घेत तिथे पोचली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

शाळेच्या पायरीवर ताई भेटली. मी पाया पडायला वाकले, तिने दंडाला धरून उभं केलं. सकाळचे साडेदहा झाले असतील. आधी झाडं हलली, वारा नसताना. मग डोंगराचा तो वाकडा तुकडा, माझ्या फोटोत मी ज्याची कड गुळगुळीत केली होती तोच, अख्खाच्या अख्खा खाली बसला आणि निघाला. आवाज नंतर आला. पायरी हादरली. धूळ खाली बसली तेव्हा ताईचं घर नव्हतं. छप्परही दिसत नव्हतं.

कुणी रडलं नाही. रडायला आधी कळावं लागतं. भाऊजी हातातली किल्ली बघत उभे होते, घराला कुलूप लावून आले होते ते.

मला वाटलं, आता ताई बोलेल. महिनाभर मी त्यांना त्या डोंगराखाली झोपू दिलं होतं, भिंतीवर खोटा फोटो टांगून. मी वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "तो फोटो पण गेला गं." मग जराशी हसली, तोंड अजून पांढरंफटक. "मी त्यात स्वतःला किती शोधलं माहितीये? तुझं विमान जाणार म्हणून अंगणात आले होते, लाल चादर हलवत. तू फोनवर म्हणालीस, दिसलीस की! पण फोटोत नव्हते मी. हे म्हणाले, तू उशिरा बाहेर आलीस. तसंच असेल. गॅसवर दूध होतं ना."

'दिसलीस की' असं मी म्हणाले होते, ते तिला बरं वाटावं म्हणून. बघितलं कुठे होतं?

शाळेत एक बाक मिळाला. मी संगणक उघडला आणि मूळ फोटो लावला. तीन दिवस मी फक्त डोंगराचा वरचा भाग बघत होते. आता खाली आले. छप्पर, गोठा, अंगण.

अंगणात लाल ठिपका होता.

मला तो आठवला. दोन मिनिटांच्या त्या कामात ओरखड्याच्या पाठोपाठ मी तोही पुसला होता. वाटलं होतं, कॅमेऱ्याच्या लाल दिव्याचं काचेवर पडलेलं प्रतिबिंब असेल. लेन्सभोवती काळं कापड गुंडाळलेलं असताना प्रतिबिंब येणार कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. मला, जी बावीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवते.

ठिपका मोठा केला. चादरीची दोन्ही टोकं वर उचललेली होती. त्यांच्या मधे, जेमतेम ओळखू येईल एवढा, माणसाचा आकार होता. पुढचा फोटो लावला. चादर दुसऱ्या बाजूला गेली होती. त्याच्या पुढच्यात परत इकडे. सातही फोटोंत ती हात हलवत होती.

मी संगणक उचलला आणि बाहेर पायरीवर तिच्याकडे घेऊन गेले.

"ताई," मी म्हणाले, "तू वेळेवर आली होतीस."