आठ खेपा

वडिलांचे गुडघे दुखायला लागल्यापासून वीटभट्टीवरचा ट्रॅक्टर लेक चालवत होती. सकाळी ठेकेदार आला आणि म्हणाला, "बारा हजार विटा हव्यात. चार खेपांत टाका."

"एका खेपेत तीन हजार विटा ट्रॉलीत मावतील, पण तिला पेलणार नाहीत," लेक म्हणाली. तिने दहा विटा काट्यावर ठेवल्या. बत्तीस किलो भरल्या. "एक वीट तीन किलो दोनशे ग्रॅमची. ट्रॉली पाच टनांची. दीड हजार विटांचे चार हजार आठशे किलो होतात. आठ खेपा सांगा."

ठेकेदार वडिलांकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा."

"ट्रॅक्टर ती चालवते. तिलाच विचारा."

ठेकेदाराचं समाधान झालं नाही. पहिली ट्रॉली त्याने वजनकाट्यावर न्यायला लावली. रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करून विटा भरल्या चार हजार सातशे ऐंशी किलो. त्याने पावती दोनदा वाचली.

"ताई, आठ खेपा," तो म्हणाला. "आणि पुढच्या कामाचा हिशोबही तुम्हीच करा."

त्या दिवशी भट्टीवर आलेल्या प्रत्येकाला वडिलांनी ती पावती दाखवली.